न बोललेल्या माणसाला उत्तर कशाचं देताय?

संकेतस्थळांवरच्या चॅटबद्दल वाद निघाला की दोन तट ठरलेले असतात. एकाचं म्हणणं, उजव्या कोपऱ्यात तरंगणारं ते गोल बटण म्हणजे निव्वळ कटकट आहे, काढून टाका. दुसऱ्याचं म्हणणं, बटणाचा दोष नाही, त्यातली भाषा रुक्ष आहे. तिथे एखादं गोड नाव, हसरा चेहरा आणि आपुलकीचे दोन शब्द घाला, लोक आपोआप बोलू लागतील. दोघेही हिरिरीने भांडतात, पण दोघांच्याही डोळ्यांसमोर असतो तो बोलायला आलेला माणूस. ज्याच्या हातून खिडकी उघडली गेली, ज्याने एक अक्षरही लिहिलं नाही आणि ज्याला बहुधा ती उघडायचीही नव्हती, तो या भांडणात कुठेच नाही.

माझ्या मते खरा प्रश्न त्याचाच आहे. खिडकी उघडणं म्हणजे बोलणं नव्हे, तेव्हा तिला उत्तर देण्याचं कारण नाही. पहिल्या ओळीने काहीच गृहीत धरू नये: तुम्हाला अडचण आहे हे नाही, मदत हवी आहे हे नाही, आणि तुमची चूक झाली हेसुद्धा नाही. इथे काय विचारता येतं, आत्तापर्यंत काय घडलं आहे आणि निघून गेलात तर काय होईल, एवढं तिने सांगावं आणि गप्प बसावं. बाकी शब्द गोड असावेत की कोरडे, हा फार पुढचा प्रश्न आहे.

खिडकी चुकून उघडते म्हणजे काय होतं, हे आधी नीट पाहू. कारण पुष्कळांना वाटतं की हा वापरणाऱ्याचा धांदरटपणा आहे. वीजबिल भरण्याचं एक साधं पान घ्या. फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद. खाली चिकटून बसलेलं ‘पुढे जा’ हे बटण दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल सोडून, म्हणजे ३२८ पिक्सेल रुंद, ४८ उंच, आणि तळापासून १६ पिक्सेल वर. आता चॅटचं गोल बटण येतं: ६० पिक्सेल व्यासाचं, उजवीकडून २० आणि खालून २० अंतरावर. गणित मांडून पाहा. ‘पुढे जा’च्या रुंदीपैकी ६० पिक्सेल, म्हणजे पाचव्या हिश्शाला थोडा कमी भाग, चॅटच्या बटणाने झाकला. आणि झाकला तोही उजवीकडचा, जिथे उजव्या हातात फोन धरणाऱ्याचा अंगठा नेमका टेकतो. कोण कोणाच्या वर दिसणार याचीही स्पर्धा नाही, कारण बाहेरून आणून बसवलेल्या चॅटला अनेकदा `z-index: 2147483647` दिलेला असतो. धन-ऋण चिन्हासहच्या ३२ बिटांच्या पूर्णांकात बसणारी ही सर्वांत मोठी संख्या आहे. पानातल्या दुसऱ्या कशालाही याहून मोठा आकडा देताच येत नाही.

त्यात वेळेचा घोळ. चॅटची स्क्रिप्ट पानाबरोबर येत नाही, मागाहून येते. नेटवर्क मंद असलं की पान दिसल्यावर काही सेकंदांनी गोल बटण उगवतं. अंगठा ‘पुढे जा’कडे निघालेला असतो आणि तो टेकेपर्यंत तिथे दुसरंच काही येऊन बसलेलं असतं. काही ब्राउझरांत आणि ॲपच्या आत उघडणाऱ्या पानांत आणखी एक प्रकार होतो. ग्राहक क्रमांक लिहायला गेलं की कळफलक वर येतो, त्याच्याबरोबर तळाला चिकटलेलं चॅटचं बटणही वर सरकतं आणि नेमकं लिहायच्या चौकटीच्या उजव्या टोकावर बसतं. यात वापरणाऱ्याचा धांदरटपणा कुठे आला? पान ज्यांनी मांडलं त्यांनी एकाच जागेवर दोन बटणं ठेवली आणि निवड अंगठ्यावर सोडली.

यावर उपाय आहेत आणि ते अवघडही नाहीत. पानाच्या तळाशी बटणापुरती मोकळी जागा सोडता येते:

```css
body { padding-bottom: calc(88px + env(safe-area-inset-bottom)); }
```

६० अधिक २० म्हणजे ८०, वर ८ पिक्सेलचा श्वास, आणि पुढचा भाग नव्या फोनच्या तळाशी असलेल्या पट्टीसाठी. पण पानाचं स्वतःचं बटणही तळाला चिकटलेलं असेल तर एवढ्याने भागत नाही, कारण दोन्ही सरकत नाहीत. तिथे चॅटचं बटण उचलून त्या बटणाच्या वर न्यावं लागतं, किंवा पैसे भरण्याच्या पानावर ते तरंगतं ठेवूच नये. मजकुराच्या शेवटी ‘चौकशी’ असा साधा दुवा पुरतो. हे सगळं केलं तरी चुकून उघडणं शून्यावर येत नाही. खिशातला फोन, मांडीवरचं मूल, थरथरणारा हात, बसमधला धक्का, यांवर कुठलीही मांडणी चालत नाही. म्हणून पहिल्या ओळीचा प्रश्न उरतोच.

आता त्या वीजबिलाच्या पानावर चुकून उघडलेल्या खिडकीत काय होतं ते पाहा. फोनवर ती पूर्ण पडदा व्यापते, त्यामुळे मागचा अर्ज दिसेनासा होतो. लिहायच्या चौकटीत कर्सर आपोआप जातो, म्हणून कळफलक वर येतो आणि अर्धा पडदा खातो. उरलेल्या अर्ध्यात एक चेहरा, एक नाव आणि ओळ: ‘नमस्कार! आपली तक्रार नोंदवण्यासाठी कृपया ग्राहक क्रमांक लिहा.’ माणूस बिल भरायला आला होता. त्याच्याही पानावर पुढची पायरी ग्राहक क्रमांकाचीच होती. त्याला वाटतं, हेच पुढचं पान. तो बिलावरून एकेक आकडा बघत क्रमांक लिहितो, पाठवतो, आणि बिल भरण्याऐवजी तक्रार नोंदवून मोकळा होतो. दुसऱ्या दिवशी कॉल सेंटरमधून फोन येतो: ‘आपली तक्रार काय आहे?’ काहीच नाही म्हटलं की तिकडे नोंद होते, ‘तक्रार निवारण झाले’. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं आणि बिल राहिलं ते राहिलंच.

ज्याला गडबड लक्षात येते त्याचं तरी बरं होतं का? कळफलकाच्या गर्दीत वरच्या कोपऱ्यातली फुली त्याला दिसत नाही, म्हणून तो फोनचं मागे जाण्याचं बटण दाबतो. पहिल्या वेळी फार तर कळफलक जातो, म्हणून पुन्हा दाबतो. पण ब्राउझरच्या लेखी ही खिडकी म्हणजे वेगळं पान नाहीच. त्यामुळे खिडकी बंद होत नाही, सरळ पैसे भरण्याचं पानच मागे जातं आणि भरलेला अर्ज बऱ्याचदा पुसला जातो. अपघाताने उघडलेल्या खिडकीचं सर्वांत मोठं नुकसान हे आहे. ते टाळायला खिडकी उघडताना `history.pushState` ने एक पायरी नोंदवायची आणि `popstate` आल्यावर खिडकी मिटायची, एवढंच लागतं. स्पर्शाच्या पडद्यावर कर्सर आपोआप चौकटीत नेऊ नये, म्हणजे कळफलकही उसळत नाही.

ओळीकडे परत येऊ. ‘कृपया ग्राहक क्रमांक लिहा’ ही ओळ गृहीत धरते की तक्रार आहे. ‘काय अडचण आहे?’ ही अडचण गृहीत धरते. ‘मी आपली कशी मदत करू?’ ही सर्वांत सभ्य वाटणारी, पण तीही मदत मागितली गेली आहे असं धरून चालते. ‘पुन्हा स्वागत आहे’ हे तर फोन कोणाच्या हातात आहे तेही आपल्याला ठाऊक असल्याचा आव आणतं. ‘शुभ सकाळ’ घ्या: न्यू जर्सीत बसून गावच्या घराचं बिल भरणाऱ्या मुलाला भारतीय वेळेची सकाळ त्याच्या रात्री मिळते. आणि हे टाळायला कुणी हुशारीने ‘चुकून उघडलं वाटतं!’ असं लिहिलं, तर तेही गृहीतकच, शिवाय जो खरोखर विचारायला आला त्याला हटकणारं.

त्याऐवजी मी ही ओळ ठेवीन: ‘इथे वीजबिल, नवीन जोडणी आणि तक्रारींबद्दल विचारता येतं. अजून काहीही पाठवलेलं नाही. ही खिडकी बंद केली तरी तुमचा अर्ज जसाच्या तसा राहील.’ यात प्रश्नचिन्ह नाही हे मुद्दाम. प्रश्न विचारला की उत्तराचं ओझं समोरच्यावर पडतं, आणि ज्याने संभाषण सुरूच केलं नाही त्याच्यावर ते टाकण्याचा आपल्याला काय अधिकार?

टेलिफोनवाल्यांना हाच पेच फार आधी पडला होता. मुंबईत १८८२ मध्ये एक्सचेंज सुरू झालं. हाताने जोडण्या करण्याच्या त्या पद्धतीत पुढे नुसता रिसीव्हर उचलला गेला की एक्सचेंजमध्ये खूण मिळायची आणि ऑपरेटर विचारायची, ‘नंबर प्लीज’. म्हणजे उचलणं हीच मागणी. स्वयंचलित एक्सचेंज आल्यावर त्या जागी काय आलं? डायल टोन. नुसता एकसुरी आवाज. लाइन जिवंत आहे, हवं तर फिरवा, एवढंच तो सांगतो. तुम्ही फोन करायला उचलला, धूळ पुसायला उचलला की मांजराने पाडला, याची त्याला पर्वा नाही. आणि पुढची गंमत अशी की काही वेळात एकही आकडा फिरवला नाही तर एक्सचेंज आपली यंत्रणा त्या लाइनवरून काढून घ्यायचं, आवाज बदलायचा, आणि लाइन रिसीव्हर खाली ठेवेपर्यंत बाजूला पडायची. बिलात कॉल लागायचा नाही. न बोललेल्या ग्राहकाशी कसं वागावं याची याहून नेटकी पद्धत मला ठाऊक नाही. आजच्या चॅटने मात्र डायल टोन सोडून पुन्हा ‘नंबर प्लीज’ उचललं आहे.

संगणकाच्या बाजूची परंपरा तेवढी चांगली नाही. जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये ‘एलिझा’ या संभाषण करणाऱ्या प्रोग्रामचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातल्या मानसोपचारतज्ज्ञाची नक्कल करणाऱ्या ‘डॉक्टर’ या संहितेचं पहिलंच वाक्य समोरच्याला त्याची समस्या सांगायला सांगतं. तिथे ते शोभून दिसतं, कारण समोरचा माणूस टर्मिनलसमोर मुद्दाम येऊन बसलेला असायचा. पण नंतरच्या शेकडो चॅटनी तेच वाक्य उचललं, आणि ती खुर्ची मात्र मागेच राहिली. मायक्रोसॉफ्टच्या ऑफिस ९७ मधली कागदाची क्लिप आठवत असेल. तुम्ही पत्राचा मायना लिहायला घेतलात की ती डोकं वर काढून म्हणायची, तुम्ही पत्र लिहिताय असं दिसतं, मदत हवी का? तिचा अंदाज पुष्कळदा बरोबरही असायचा. तरी लोक तिच्यावर इतके वैतागले की २००१ च्या आवृत्तीत ती आधीपासून बंद ठेवली गेली आणि कंपनीने स्वतःच्या जाहिरातीत तिची टिंगल केली. अंदाज बरोबर असणं आणि तो बोलून दाखवण्याचा हक्क असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यातला दुकानाचा दाखला नेहमी ऐकू येतो: गिऱ्हाईक दारात आलं की दुकानदार ‘या, बसा, काय दाखवू’ म्हणतोच ना? म्हणतो. पण गिऱ्हाईक पायरी चढून आलेलं असतं. रस्त्याने जाताना ज्याची छत्री दाराला लागली त्याच्यापुढे कोणी साडी उलगडत नाही. यावर अधिक वेळ घालवण्यात अर्थ नाही.

दुसरा मुद्दा मात्र वजनदार आहे. नव्याने फोन वापरू लागलेल्या माणसाला रिकामी चौकट भेडसावते. इथे काय लिहायचं, कोणत्या भाषेत, चुकलं तर काय होईल, हे त्याला कळत नाही. म्हणून आपणच पुढाकार घेऊन विचारलं पाहिजे. यातलं पहिलं वाक्य मला शंभर टक्के मान्य आहे. कोरी खिडकी हा काही माझा आदर्श नाही, आणि गृहीत न धरणं म्हणजे मुकं राहणं नव्हे. पण भेडसावलेल्या माणसाला धीर कशाने येतो? ‘मी आपली मदत करायला उत्सुक आहे’ या वाक्याने त्याला काय विचारता येतं ते कळत नाही. ‘वीजबिल, नवीन जोडणी, तक्रार’ या तीन विषयांच्या नावांनी कळतं. ‘मराठीत लिहिलं तरी चालेल’ या चार शब्दांनी त्याहून जास्त कळतं. विषयांची छोटी बटणं द्यायलाही हरकत नाही. फक्त ती दाबल्यावर संदेश थेट जाऊ नये, चौकटीत लिहिला जावा आणि पाठवण्याची कळ वेगळी असावी, नाहीतर एका अपघाती स्पर्शावर दुसऱ्याची सोय करून ठेवली असं होईल. जाता जाता, व्हॉट्सॲपच्या ‘चॅट करा’ दुव्यांत `?text=` पुढे ‘मला आपल्या सेवेत रस आहे’ असा तयार मजकूर भरून ठेवतात, तोही याच जातीचा. माणसाच्या तोंडी आपलंच वाक्य घालायचं आणि मग त्याला इच्छुक ग्राहक म्हणून फोन करत सुटायचं.

तिसरा मुद्दा माहितीचा. यंत्रणेला ठाऊक आहे की या खात्यावरून दोन मिनिटांपूर्वी पैसे भरण्याचा प्रयत्न फसला. मग काहीच ठाऊक नसल्याचं सोंग कशाला? सरळ विचारा, ‘तुमचं पेमेंट अडकलं का?’ वरवर बिनतोड वाटणारा युक्तिवाद आहे, आणि पेमेंट फसल्याचं सांगायलाच हवं यात वाद नाही. पण सांगायची जागा कोणती? जिथे ते फसलं ते पान. रक्कम, वेळ, व्यवहार क्रमांक, पैसे कापले गेले असतील तर परत कधी येतात, हे तिथेच ठळक लिहा. चॅट न उघडणाऱ्यालाही ते दिसलं पाहिजे. जी माहिती फक्त चॅटमध्ये सापडते ती दडवलेलीच म्हणायची. दुसरं असं की खातं आणि माणूस एक नसतात. तालुक्याच्या सेवा केंद्रात चालक एकामागून एक लोकांची कामं त्याच पडद्यावर करतो आणि मागे रांग उभी असते. बापाचं बिल लेक भरते, शेजारणीचं बिल शेजारीण. अशा ठिकाणी खिडकी चुकून उघडून ‘सुनीताताई, मागच्या महिन्याची थकबाकी भरायची आहे का?’ असं दहा जणांसमोर झळकलं तर ती मदत नव्हे. सुनीताताईंनी स्वतः विचारल्यावर हीच माहिती खुशाल वापरा. माझा आक्षेप विचारण्याआधी ती वापरण्याला आहे.

सर्वांत कठीण मुद्दा शेवटी घेतो, कारण तो मला स्वतःला अडवतो. काही ठिकाणी न बोलणं हेच बोलणं असतं. घरात मार खाणारी बाई मदतीची खिडकी उघडते आणि कोणी खोलीत आल्यामुळे लिहू शकत नाही. तिथे ‘हा अपघात असेल’ म्हणून गप्प बसणारी यंत्रणा निर्दय ठरणार नाही का? ठरेल. पण याच प्रश्नाशी आणीबाणीच्या फोनवाल्यांनी झगडून काय काढलं ते बघा. ब्रिटनमध्ये ९९९ वर मोबाइलवरून आलेल्या नि:शब्द कॉलसाठी २००२ पासून एक सोय आहे. ऑपरेटर आधी बोलायला सांगतो, जमत नसेल तर खोकून किंवा फोनवर टकटक करून खूण द्यायला सांगतो. तेही झालं नाही की ध्वनिमुद्रित सूचना येते: बोलता येत नसेल तर ५५ दाबा. दाबलं की कॉल पोलिसांकडे जातो, नाही दाबलं तर तो संपवला जातो. खिशात दाबल्या गेलेल्या फोनला हे सहसा जमणार नाही, संकटातल्या माणसाला मात्र एका बोटाने जमेल. इथे शांततेचा अर्थ कोणीही परस्पर लावलेला नाही, ना संकट म्हणून, ना चूक म्हणून. अर्थ सांगण्याचा सोपा मार्ग तेवढा समोर ठेवला. म्हणजे जिथे गृहीत धरण्याचा मोह सर्वांत समर्थनीय, तिथेही अनुभवाने शहाणे झालेले लोक गृहीत न धरणाऱ्या ओळीवरच आले. अशा मदतकेंद्राच्या खिडकीत ‘लिहिता येत नसेल तर हे बटण दाबा’ ही ओळ हवीच. वीजबिलाच्या खिडकीत ती नको. सोय वेगळी, तत्त्व तेच.

आता माझ्या ओळीतल्या दुसऱ्या वाक्याकडे या: ‘अजून काहीही पाठवलेलं नाही.’ लिहायला सोपं, पण आज पुष्कळ ठिकाणी ते लिहिलं तर खोटं ठरेल. खिडकी उघडताच मागे संभाषणाची नोंद तयार होते, पानाचा पत्ता आणि फोनचा प्रकार तिकडे जातो, रांगेत क्रमांक लागतो. तपासायचं कसं? संगणकावर क्रोम किंवा फायरफॉक्समध्ये F12 दाबा, Network हा भाग उघडा, यादी पुसा आणि मग चॅटचं गोल बटण दाबा. काहीही न लिहिता नव्या ओळी, विशेषतः सर्व्हरकडे माहिती पाठवणाऱ्या `POST` च्या, उमटल्या तर त्यांवर टिचकी मारून आत काय आहे ते वाचा. चित्रं आणि अक्षरांचे साचे आले तर ते क्षम्य. नवा संभाषण क्रमांक तयार होऊन आला तर समजा की तुमच्या नावाने बोलणं सुरू झालंय. मग चौकटीत चार अक्षरं लिहा, पण पाठवू नका, आणि पुन्हा यादी बघा. सर्व्हरशी सतत उघडी राहणारी वेब-सॉकेटची जोडणी आधीच सुरू असेल तर तिच्या आतले संदेशही उघडून पाहावे लागतात. काही चॅटमध्ये पाठवण्याआधीच लिहिलेला मजकूर समोरच्या कर्मचाऱ्याला दिसतो. खोडलेलं वाक्यही त्याने वाचलेलं असतं.

याला तांत्रिक नाइलाज म्हणणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. बटण दाबल्यावर फक्त खिडकी दाखवायची आणि नोंद पहिला खरा संदेश आल्यावर करायची, हे इतकंच आहे:

```js
let session;
openBtn.onclick = showPanel;
sendBtn.onclick = async () => {
  const text = box.value.trim();
  if (!text) return;
  await (session ??= startSession());
  send(text);
};
```

`showPanel` मध्ये सर्व्हरशी काहीही बोलणं नसावं. `trim` मुळे नुसती मोकळी जागा पाठवली गेली तर ती रिकामीच धरली जाते. किंमत म्हणाल तर पहिल्या उत्तराला किंचित उशीर, तोही जो विचारतो त्यालाच. कायद्याच्या अंगानेही हेच सोयीचं आहे. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, विनाअट आणि नि:संदिग्ध असावी, आणि ती स्पष्ट कृतीतून दिलेली असावी, असं म्हटलं आहे. बसच्या धक्क्याने टेकलेल्या अंगठ्याला स्पष्ट कृती कोण म्हणेल?

मग हे होत का नाही? कारण मोजमाप. चॅट पुरवणारी कंपनी महिन्याच्या अहवालात ‘संभाषणं’ मोजते, आणि अनेकदा खिडकी उघडली की एक संभाषण धरलं जातं. पुढचा प्रवास हास्यास्पद असतो. लिहिलं काहीच नाही, तरी दोन मिनिटांनी ‘आपण अजून तिथे आहात का?’, पाच मिनिटांनी ‘प्रतिसाद नसल्यामुळे संभाषण समाप्त करत आहोत’, आणि लगेच ‘आमच्या सेवेला किती तारे द्याल?’ अहवालात हा माणूस ‘अर्धवट सोडून गेलेला ग्राहक’ म्हणून दाखवला जातो. त्याला थांबवायला पहिली ओळ आणखी गोड, आणखी नेमकी, आणखी गृहीत धरणारी केली जाते. त्याने चुकून अडकलेले आणखी काही लोक ग्राहक क्रमांक लिहून मोकळे होतात, आकडा वाढतो, आणि ओळ यशस्वी ठरते. नेमक्या ओळीला जास्त उत्तरं मिळतात हा विरोधकांचा दावा खराही असेल. पण ती उत्तरं विचारायला आलेल्यांची की गोंधळलेल्यांची, हे त्या आकड्यावरून कळत नाही. ते कळायला, संमती देऊन चाचणीत सामील झालेल्या लोकांपुरत्या, दोन गोष्टी वेगळ्या मोजाव्या लागतात: खिडकी उघडली, आणि पहिला संदेश गेला. पहिलीनंतर दोन-तीन सेकंदांत खिडकी बंद, एकही अक्षर नाही, बहुतेक प्रकार फोनवरचे आणि तेही तळाला बटण असलेल्या एक-दोन पानांवर एकवटलेले, असं दिसलं तर तो प्रश्न पानाच्या मांडणीचा आहे. ओळ लिहिणाऱ्याला त्यासाठी कामाला लावू नका. उलट एखाद्या पानावर लोक खिडकी उघडून वीस-तीस सेकंद थांबतात आणि न लिहिता जातात असं दिसलं, तर ओळ वाचून त्यांना काय हवं ते सापडलं नाही असं समजायला जागा आहे. तिथे विषयांची यादी बदलून बघावी.

महापालिका, वीज कंपन्या, विद्यापीठं यांच्यासाठी चॅट निविदा काढून घेतलं जातं, त्यामुळे तिथे हे बदलणं खासगी दुकानांपेक्षा सोपं आहे. निविदेत तीन अटी घालाव्या लागतील. संभाषण वापरकर्त्याने पहिला मजकूर पाठवल्यावर सुरू झालं असं धरावं आणि देयकही त्यावरच असावं. त्याआधी वापरकर्त्याच्या उपकरणातून कोणतीही नोंद तयार होऊ नये, आणि स्वीकृतीच्या चाचणीत वर सांगितलेली Network ची तपासणी अधिकाऱ्यासमोर करून दाखवावी. ३६० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर अर्ज भरण्याच्या प्रत्येक पानावर चॅटचं बटण दुसऱ्या कुठल्याही बटणावर येत नाही, हे पडद्याच्या चित्रांसह दाखवावं. यातली पहिली अट घातल्याबरोबर पुरवठादाराच्या बैठकीत पहिल्या ओळीबद्दलचा सूर बदलेल असा माझा अंदाज आहे.